आईला एकटं वाटू नये म्हणून आपण तिच्या हातातलं काय काय काढून घेतो?

*बाबा जाऊन साडेतीन महिने झाले. आई ६८ वर्षांची आहे, घरात एकटीच असते. बँक, बिलं, विमा, डॉक्टरांच्या वेळा, सगळं बाबाच बघायचे. तिला त्रास नको म्हणून आता ते मी माझ्या फोनवरून करते. दिवसातून तीनदा फोन करते, पण ती "बरी आहे" म्हणून ठेवून देते. रात्रीचं जेवत नाही, हे शेजारच्या काकूंकडून कळलं. धाकटा भाऊ म्हणतो, घर विकू, आई माझ्याकडे येईल. तोवर तिच्या खात्याला त्याचं नाव लावून घेऊ, असंही तो म्हणतो. आईबाबांचं एक खातं दोघांच्या नावावर आहे, दुसरं फक्त बाबांच्या. त्या दुसऱ्याचं कार्ड आणि पिन माझ्याकडे आहे. परवा आई म्हणाली, "रात्री दाराशी त्यांची पावलं वाजतात." मला भीतीच वाटायला लागली आहे. कुठून सुरुवात करू?*

पावलांपासूनच सुरुवात करू. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या माणसाची चाहूल लागत होती. कुणाला तो खोलीत असल्यासारखं वाटे, कुणाला आवाज येई, कुणाला क्षणभर दिसे. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं आणि बऱ्याच जणांना त्याचा धीरच वाटत होता. इतकी वर्षं एका ठरावीक वेळी दाराशी पावलं वाजली की कान त्या वेळेला आपोआप तयार होतात. आईने हे तुम्हाला सांगितलं, म्हणजे तिचं दार अजून तुमच्यासाठी उघडं आहे. "अगं, असं काही नसतं" म्हणून ते बंद करू नका. "तेव्हा तुला कसं वाटतं?" एवढंच विचारा आणि ती सांगेल ते ऐका.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते वेगळ्या गोष्टींसाठी. बाबा जिवंतच आहेत असं समजून ती त्यांना शोधायला बाहेर पडली, तो आवाज तिला काही करायला सांगू लागला, अनोळखी माणसं दिसू लागली, किंवा ताप आल्यावर किंवा नवी गोळी सुरू झाल्यावर ती अचानक गोंधळलेली वाटली, तर थांबायचं नाही.

आता ते कार्ड. आजपासून ते वापरू नका. बाबांच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातला पैसा ते गेले त्या क्षणापासून त्यांच्या मालमत्तेचा भाग झाला, आणि त्यावर कुणाचा किती हक्क हे मृत्युपत्रानुसार किंवा वारसाहक्काच्या कायद्यानुसार ठरतं. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यानंतरची प्रत्येक उचल खात्याच्या उताऱ्यावर तारखेसह छापलेली राहते, आणि उद्या भावाने किंवा बँकेने विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आधी काही काढलं असेल तर रक्कम, तारीख आणि कशासाठी ते एका कागदावर लिहा, पावत्या जोडा आणि भावाला आजच पाठवा. बाबांना निवृत्तिवेतन असेल आणि ते गेल्यानंतरही ते जमा झालं असेल, तर त्यालाही हात लावू नका. ते देणारं कार्यालय कळल्यावर ती रक्कम परत मागतं, आणि खर्च झालेली असली तर वसुली आईच्याच पैशांतून होण्याची भीती असते. त्याच कार्यालयाला लवकर कळवण्यात आईचा फायदाही आहे, कारण जोडीदाराला मिळणारं निवृत्तिवेतन असेल तर ते बहुधा त्याच अर्जाने सुरू होतं.

बाकीच्या कामांकडे वळण्याआधी एकटेपणाविषयी बोलायला हवं, कारण तुमच्या घरात कागद आणि एकटेपणा यांची गाठ पडली आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक भावनिक एकटेपणा: जो एक माणूस आपला होता तो नसणं. दुसरा सामाजिक: ओळखीची माणसं, शेजार, आपलं काम, आपली जागा यांचं जाळं तुटणं. वाइस यांचं म्हणणं असं की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. म्हणूनच आई दिवसभर माणसांत असली तरी रात्रीचं ताट एकटीसाठी वाढून घेताना तिचा हात थांबतो. ती जागा तुम्ही भरू शकणार नाही, आणि भरण्याचा प्रयत्न करून स्वतःला शिणवूही नका. पण दुसरा एकटेपणा अजून आलेला नाही. तो मुलंच नकळत आणतात, आणि अगदी प्रेमापोटी: घर विकून, सगळी कामं स्वतःच्या फोनवर नेऊन, तिच्यासाठी निर्णय घेऊन. तुमचा बराचसा जोर तो येऊ न देण्यावर लागला पाहिजे.

त्यामुळे कागदपत्रांचं काम पुन्हा आईच्या टेबलावर आणा. ते सगळं तिने एकटीने करायचं असं नाही. काम तिच्यासमोर, तिच्या नंबरवरून, तिच्या अक्षरात व्हावं आणि तुम्ही शेजारी बसावं. आठवड्यातून दोनदा, सकाळी डोकं ताजं असताना, एकेक तास. एका बैठकीत एकच काम. याहून जास्त नको, कारण दुःखात लक्ष आणि स्मरण दोन्ही खरोखर कमी होतात. वाचलेलं ओळ संपेपर्यंत विसरायला होतं आणि सही कशावर केली हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. म्हणून प्रत्येक कागद सही करण्याआधी मोठ्याने वाचायचा आणि सही झालेल्याची प्रत लगेच फाइलला लावायची. एक जाड वही ठेवा. तारीख, कुठल्या कार्यालयाशी बोललो, समोर कोण होतं, अर्जाचा नंबर, पुढे काय आणि कधी, असं आईने स्वतः लिहायचं. फोन स्पीकरवर ठेवा, बोलू तिला द्या, ती अडली तरच तुम्ही बोला. पहिल्या दोन बैठका कंटाळवाण्या आणि रडवेल्या होतील. मध्येच ती उठून गेली तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

पहिली बैठक मृत्यूच्या दाखल्यासाठी. दाखला असेल तरी तो बाबांच्या ओळखपत्राशेजारी आणि बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा: नाव, मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव. एका जागी पूर्ण नाव आणि दुसऱ्या जागी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज परत येतात, आणि सहा ठिकाणी सहा वेळा परत येतात. चूक असेल तर आधी ती नोंदणी कार्यालयात दुरुस्त करून घ्या आणि मगच जास्तीच्या प्रमाणित प्रती मागा. प्रती किती, ते अंदाजाने ठरवू नका. बँका, विमा, निवृत्तिवेतन, घराची नोंद, वाहन, कर अशी जिथे जिथे कळवायचं आहे त्या जागांची यादी करा. कोण मूळ प्रत ठेवून घेतं आणि कोण बघून परत देतं हे फोनवर विचारा. ठेवून घेणारे जितके तितक्या प्रती, आणि वर दोन.

त्यापुढे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक घरांत तो उलटा होतो. माणूस गेला, आधी त्याचं खातं बंद करून टाकू, असं वाटतं. पण त्या खात्यातून दर महिन्याला आपोआप काय काय वजा होत होतं ते खातं बंद झाल्यावरच कळतं: वीज, फोन, घराचा हप्ता, आणि सगळ्यांत धोक्याचं म्हणजे आरोग्यविम्याचा हप्ता. आईचं संरक्षण बाबांच्या पॉलिसीत किंवा त्यांच्या नोकरीच्या योजनेत ‘अवलंबित’ म्हणून असेल तर ते बाबांच्या नावाबरोबरच संपलेलं असू शकतं किंवा ठरावीक मुदतीत अर्ज केला तरच पुढे चालू राहतं. साडेतीन महिने झाले आहेत, म्हणून दुसऱ्याच बैठकीत विमा कंपनीला तीन प्रश्न विचारा: आज आईला संरक्षण आहे का, ते तिच्या नावावर चालू ठेवायला काय लागतं, आणि शेवटची तारीख कोणती. उत्तर लेखी मागा.

म्हणून क्रम असा धरा. आधी आत येणारा पैसा: दोघांच्या नावावरचं खातं, निवृत्तिवेतन, आयुर्विम्याचे दावे. मग बाहेर जाणारा: बाबांच्या खात्याचा मागच्या पूर्ण वर्षाचा उतारा घ्या आणि आईबरोबर एकेका ओळीवर बोट ठेवून जा. वर्षभराचा यासाठी की काही हप्ते वर्षातून एकदाच जातात आणि तीन महिन्यांच्या उताऱ्यात ते दिसतच नाहीत. चालू ठेवायच्या गोष्टी संयुक्त खात्यावर किंवा आईच्या खात्यावर वळवा. त्यानंतर मालकीच्या नोंदी, म्हणजे घर, वाहन, गुंतवणुका. खातं बंद करणं अगदी शेवटी. अर्थात बँकेला कळवणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. कळवल्यावर एकट्याच्या नावावरचं खातं बँक सहसा गोठवते, म्हणून कळवण्याआधी उतारा हातात असू द्या. पण महिनोन्‌महिने लपवूनही ठेवू नका.

दोघांच्या खात्यावरही एक गोष्ट आधी बघा: ते ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ या अटीवर आहे की दोघांच्या सहीने चालणारं. पहिल्या प्रकारात आईचं काम सहसा चालू राहतं, दुसऱ्यात तेही अडतं. बाबांच्या खात्यावर नॉमिनी म्हणून आईचं किंवा तुमच्यापैकी कुणाचं नाव असेल, तर पैसा त्या माणसाच्या हातात देणं बँकेला सोपं जातं. पण हातात घेणारा आणि मालक एकच असतो का, हे देशागणिक, कधी गुंतवणुकीच्या प्रकारागणिकही बदलतं. बऱ्याच भावंडांची तोंडं या एका शब्दावरून फिरतात. वाटणीबद्दल बोलण्याआधी तुमच्या ठिकाणच्या वकिलाला हा एवढाच प्रश्न विचारून घ्या. बाबांच्या कर्जाबद्दल कुणाचा फोन आला तर आई किंवा तुम्ही तोंडी ‘भरू’ असं म्हणू नका. कर्जाचा कागद मागा, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून कुणाची सही आहे ते बघा आणि त्या कर्जाला विमा होता का ते विचारा. असला तर उरलेली रक्कम विम्यातूनच फिटू शकते.

आता भावाचं म्हणणं. तिच्या खात्याला त्याचं नाव लावायचं, यात त्याच्या मनात काही वाईट असेल असं धरू नका. अडचणीला धावून येता यावं, एवढाच विचार असतो. पण खात्याचा सहमालक होणं आणि खातं चालवण्याचा अधिकार मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहमालक केलं की तो पैसा कायद्याच्या नजरेत त्याचाही होऊ शकतो. त्याच्यावर कर्जाची वसुली आली तर आईचं खातं त्यात ओढलं जाऊ शकतं, आणि आईच्या पश्चात उरलेली रक्कम कुणाची यावरून तुमच्यात वाद उभा राहू शकतो. बँकेला विचारा की मालकी न देता फक्त व्यवहार करण्याचा अधिकार देता येतो का. बऱ्याच बँकांत तसा फॉर्म असतो. रकमेवर मर्यादा घालता येत असेल तर घाला, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश आईच्या फोनवर आला पाहिजे. आणखी एक गोष्ट बहुतेकांना वेळ आल्यावरच कळते: साधं मुखत्यारपत्र अनेक कायद्यांत, करून देणाऱ्याची समज गेली की निरुपयोगी होतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. समज गेल्यावरही चालेल असं अधिकारपत्र तुमच्याकडे करता येतं का हे त्याच वकिलाला विचारा, आणि आई ठणठणीत आहे तोवरच करा. घाईघाईने तिच्याकडून हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र मात्र कुणीही घेऊ नये, तुम्हीसुद्धा.

घर विकण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. जोडीदार गेल्यावर पहिलं वर्षभर परत फिरवता न येणारे निर्णय टाळावेत, असं या क्षेत्रात काम करणारे सर्वसाधारणपणे सांगतात. याला अपवाद आहेत. घराचा खर्चच झेपत नसेल, ती वारंवार पडत असेल, घरात तिच्या जिवाला धोका असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. उलट काकूंनी तुम्हाला जेवणाचं कळवलं, हेच त्या घराचं मोल सांगून जातं. आईवर कुणाचं तरी लक्ष आहे, आणि ते तिथे राहण्यामुळे आहे. भावाकडे गेल्यावर पहिला एकटेपणा तिच्याबरोबर जाईल आणि दुसरा तिथे वाट बघत असेल, कारण तिथे दिवसा सगळे कामाला जातात आणि शेजारी तिला नावाने ओळखत नाहीत. भावाला नकार देण्याऐवजी हे सुचवा: आईने तीन-चार आठवडे त्याच्याकडे राहायला जावं, परतीची तारीख निघण्याआधीच ठरलेली असावी, आणि घराची किल्ली तिच्याच पर्समध्ये असावी. परत आल्यावर आठवडाभराने, घाई न करता, तिला विचारा की तिथला दिवस कसा जायचा. मुक्कामात तिला तिथे काही काम होतं की ती पाहुणी म्हणून बसून होती, यावरून बरंच कळेल.

बाबांच्या जागी आता कोण, हा प्रश्न घरोघरी न बोलता सोडवला जातो आणि म्हणून चुकतो. जवळ राहणारी मुलगी सगळं उचलते, लांबचा मुलगा मोठे निर्णय सुचवतो, आणि आईच्या वाट्याला सही उरते. तुम्ही बाबा होऊ नका. त्याऐवजी एका बैठकीत बाबांचा आठवडा कागदावर मांडा, अगदी सकाळपासून. कुलूप कोण लावायचं, बिलं कधी भरायची, गॅस संपला की कुणाला फोन, डॉक्टरांची वेळ कोण घ्यायचं, गोळ्या कोण आणायचं, रात्री टीव्ही कोण बंद करायचं. आईला विचारत गेलात तर पंचवीस-तीस ओळी सहज होतील. ती हे सांगताना रडेल आणि हसेलही, म्हणून त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका. मग प्रत्येक ओळीपुढे तिलाच ठरवू द्या: हे मी शिकेन, हे दुसऱ्या कुणीतरी करावं, हे बंदच करू. दुसऱ्या कुणीतरी करायच्या कामांपुढे नाव लिहायचं, आणि सगळीकडे तुमचंच नाव येता कामा नये. लांबून करता येणारी कामं भावाकडे जाऊ द्या: विम्याच्या कंपनीचा पाठपुरावा, कराचा हिशेब, घराच्या दुरुस्तीसाठी माणूस ठरवणं. काम हातात आलं की त्याच्या सूचनाही जमिनीवर येतील.

‘शिकेन’ म्हटलेलं शिकवताना एक नियम पाळा: फोन तिच्या हातात आणि तुमचे हात मांडीवर. "दे इकडे, मी पटकन करते" हे वाक्य एकदा आलं की शिकणं संपलं. वीजबिल भरायचं असेल तर पायऱ्या तिच्या शब्दांत, मोठ्या अक्षरात, एका कागदावर लिहू द्या. पहिल्या महिन्यात तुम्ही शेजारी, दुसऱ्या महिन्यात तुम्ही फोनवर, तिसऱ्या महिन्यात तिने भरून तुम्हाला कळवायचं. रोजच्या व्यवहारांसाठी तिच्या नावावर एक वेगळं छोटं खातं ठेवून त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवलीत तर चुकण्याची भीती तिलाही राहत नाही. ठगांची भीती मात्र खरी आहे. मृत्यूच्या बातम्या वाचून फोन करणारे असतात: साहेबांची पॉलिसी पिकली आहे, परतावा अडकला आहे, थकबाकी आहे, आलेला ओटीपी सांगा. कोण खरा आणि कोण खोटा हे तिने फोनवर ओळखावं अशी अपेक्षा करू नका. एकच वाक्य ठरवून द्या, "मी मुलांशी बोलून उद्या कळवते," आणि लगेच फोन ठेवायचा. समोरच्याने घाई केली, धमकावलं किंवा कुणाला सांगू नका म्हटलं, तर तो ठगच, हे वहीच्या मुखपृष्ठावर आतून लिहून ठेवा.

आता तुमच्या तीन फोनांविषयी. त्यात काय बोलणं होतं ते आठवून बघा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप लागली का. ही हजेरी झाली, आणि हजेरीला "बरी आहे" हेच उत्तर येणार. तिचं नुकसान झालंय ते दिवसभरातल्या बारीकसारीक गोष्टी ऐकणाऱ्या माणसाचं. म्हणून तीनाऐवजी एकच फोन करा, रोज ठरल्या वेळी, दिवसातला सगळ्यांत जड वाटणारा तास निवडून. तुमच्या पत्रावरून तो रात्रीच्या जेवणाच्या आसपासचा दिसतो. तेव्हा तुम्हीही जेवायलाच बसा आणि फोन समोर ठेवा. दोघी जेवता जेवता बोला, आधी तुमच्या दिवसातलं काही सांगा, तिचं मत घ्या. आठवड्यातले दोन दिवस हा फोन भावाचा. बोलण्यात बाबांचं नाव येऊ द्या. ती रडेल म्हणून टाळलंत तर तिला वाटेल की तुम्ही सगळे विसरलात. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो, कधी गेलेल्याकडे, कधी पुढच्या जगण्याकडे, आणि ही ये-जाच हवी असते. तेव्हा सकाळी फोटोपाशी बसलेली आई दुपारी शेजारणीशी हसताना दिसली तर दोन्ही खरं आहे. तिला कुठल्याच बाजूला ढकलू नका. बाबांचे कपडे, चष्मा, खुर्ची यांतलं काही तिच्या गैरहजेरीत आवरू नका.

जेवणाचं मात्र नुसतं ऐकून सोडू नका, कारण पहिले काही महिने शरीरालाही जड असतात. कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ब्रिटनमधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते. ही आकडेवारी पुरुषांची आहे, पण काळजी दोघांचीही सारखीच घ्यायची. आईचं वजन दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी करून वहीत लिहा. सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलो वजन प्रयत्न न करता उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तेवढीही वाट बघू नका. जेवण चुकलं आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, पहाटेची डोकेदुखी या खुणा तिला आणि काकूंना दोघींना सांगून ठेवा आणि डोसबद्दल डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. गोळ्या बाबा काढून देत असतील तर आठवड्याचे कप्पे असलेला डबा आणा. दर रविवारी तिने तो भरायचा आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या. "घेतलीस का" हा प्रश्न त्यानंतर विचारायची गरजच राहत नाही. छातीत दुखलं, धाप लागली तर ‘मनावर घेतलंय’ म्हणून घरी थांबू नका. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचं आकुंचन खरोखर बिघडू शकतं, आणि हृदयविकाराचा झटका आहे की हे, ते रुग्णालयातच कळतं.

आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. जोडीदार असताना विसरभोळेपणा झाकला जातो. एक विसरतो, दुसरा सांभाळून घेतो. मग तो गेल्यावर सगळं दुःखाच्या खात्यावर टाकलं जातं. शोकातला विसराळूपणा दिवसागणिक कमी-जास्त होतो आणि आठवण करून दिली की बहुधा आठवतं. पण तेच बिल दोनदा भरलं जाणं, आधीच सांगितलेली गोष्ट सांगितलीच नव्हती असं ठामपणे वाटणं, पायाखालच्या रस्त्यावर चुकणं, हे आठवड्यामागून आठवडे वाढत गेलं तर तपासणी हवी. त्यात थायरॉईड, जीवनसत्त्व बी १२ आणि कानही तपासून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं उत्तरही "बरी आहे" एवढंच असतं.

साडेतीन महिन्यांनी रडू येणं हा आजार नाही. शोक लांबल्याचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात सहा महिन्यांच्या आधी करत नाहीत आणि अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात प्रौढांसाठी एका वर्षाच्या आधी नाही. तेही रोजचं जगणंच अडून बसलं असेल तर. पण ‘मलाही घेऊन जायला हवं होतं’ असं वारंवार म्हणणं, वस्तू वाटून टाकणं, गोळ्या साठवून ठेवणं यांना कसलीच मुदत नाही. तेव्हा सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उत्तर ‘हो’ असेल किंवा ती गप्प राहिली, तर त्या रात्री तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

शेवटी बाबांचा मोबाइल. मित्रमंडळी सुचवतील की नंबर बंद करून टाका. निदान तेरा महिने करू नका. बँकांचे, विम्याचे, गुंतवणुकांचे कोड आणि सूचना त्याच नंबरवर येतात, आणि वर्षातून एकदाच बोलणाऱ्या संस्था त्या तेरा महिन्यांत एकदा तरी बोलून जातात. प्रत्येक संदेश कुठून आला ते वहीत टिपायचं, आणि तिथे आईचा नंबर नोंदवला की त्यावर रेघ मारायची. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग बाबांच्या खात्यांचे कोड परक्या माणसाच्या हातात पडतात. तोवर नंबर चालू राहावा म्हणून रिचार्जची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि फोन केव्हाही बंद केलात तरी त्याआधी त्यातले फोटो आणि बाबांच्या आवाजातले संदेश दोन ठिकाणी उतरवून घ्या. एक प्रत आईच्या फोनमध्ये ठेवा आणि ती कशी ऐकायची ते तिला दाखवा.